पाच महिने बंद राहिलेला प्रिंटर: एकदा सुकला, दुसऱ्यांदा वाचला

माझं घर अमळनेरला. घरूनच टायपिंग आणि प्रिंटिंगची छोटी कामं करते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, मुलांचे प्रकल्प, लग्नाचे बायोडाटा, बचतगटाचे ठराव. नोव्हेंबर २०२२ मध्ये चार टाक्यांचा इंक टँक प्रिंटर घेतला. काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक कणांची, बाकी तीन रंग डायचे, म्हणजे पाण्यात विरघळणारे. गेल्या दोन वर्षांत तो दोनदा जवळजवळ पाच पाच महिने बंद ठेवावा लागला. पहिल्यांदा हेड, म्हणजे बारीक छिद्रांतून कागदावर शाई सोडणारा भाग, सुकलं आणि सहा दिवस माझी झोप उडाली. दुसऱ्यांदा एका साध्या क्लीनिंगवर पान स्वच्छ आलं. दोन्ही वेळी काय केलं ते तारखांसकट लिहिते आहे. गावी किंवा मुलांकडे दीर्घ मुक्कामाला जाणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

पहिली खेप २३ मार्च २०२४ची. मुलीचं बाळंतपण पुण्यात होतं आणि दवाखाना तिथलाच ठरला होता, म्हणून मीच गेले. धुळवड दोन दिवसांवर होती. निघायच्या सकाळपर्यंत कामं चालू होती. शेवटचं पान निघालं, मी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली आणि प्रिंटर वरच्या खोलीत नेऊन ठेवला. त्या खोलीवर पत्रा आहे. ओल लागू नये म्हणून ट्रेमध्ये सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्या आणि वरून चादर घातली. सगळं नीट केलं असंच मला वाटत होतं. यातल्या तीन गोष्टी चुकीच्या होत्या, हे ऑगस्टमध्ये कळलं.

१७ ऑगस्टला परत आले. दुसऱ्या दिवशी प्रिंटर खाली आणला, चालू केला आणि एका शाळेची घटक चाचणी काढायला घेतली. पान कोरं आलं. म्हणजे पूर्ण कोरंही नाही, शाळेच्या बोधचिन्हातला निळा आणि गुलाबी रंग तेवढा उमटला होता. काळ्या अक्षरांचा पत्ता नव्हता आणि पिवळा तुटक होता.

घाबरून मी त्याच संध्याकाळी हेड क्लीनिंग लागोपाठ सहा वेळा केलं. प्रत्येक वेळी नोझल चेकचं पान काढलं. ती पानं मी अजून जपून ठेवली आहेत, कारण नंतर त्यांच्यावरूनच निदान झालं. नोझल चेकमध्ये प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जिन्यासारखी जाळी छापली जाते. एक रेघ म्हणजे एक छिद्र. छिद्र केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं असतं, त्यामुळे तिथे शाईतलं पाणी उडून गेलं की उरलेला चिकट भाग बूच मारतो. माझ्या सहाही पानांवर पिवळ्यातल्या तुटलेल्या रेघा जागच्या जागीच होत्या आणि काळा जवळपास नव्हताच. आणखी एक गोष्ट मी पाहिली होती, पण तिचा अर्थ तेव्हा लागला नाही. सहा क्लीनिंग होऊनही काळ्या टाकीची पातळी जराही खाली गेली नव्हती.

२० ऑगस्टला, राखीच्या दुसऱ्या दिवशी, प्रिंटर घेऊन जळगावला सेवा केंद्रात गेले. जाताना टाक्यांची झाकणं घट्ट केली, मूळ खोक्यात प्रिंटर सपाट बसवला आणि रेल्वेत तो बाकावर शेजारी ठेवून हात धरून बसले. इंक टँक प्रिंटर आडवा किंवा उभा कलला तर शाई टाकीतून बाहेर येते आणि नळ्यांत हवा शिरते, हे मला विकत घेतानाच दुकानदाराने बजावलं होतं. काही जुन्या मॉडेलना नेण्या-आणण्यासाठी शाई बंद करायचा खटका असतो. तुमच्याकडे असेल तर तो आधी फिरवा आणि परत आल्यावर उघडायला विसरू नका.

केंद्रात जॉब शीट भरली. सिरीयल नंबर, तक्रार, टाकीतल्या शाईची पातळी, सोबत दिलेल्या वस्तू असं सगळं लिहून घेतात. पॉवर केबल दिली असेल तर तीही लिहायला लावा. वॉरंटी एक वर्षाची होती, ती २०२३ मध्येच संपली होती. तपासणी फी ३५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१३. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. हेड जाम आहे, बदलावं लागेल. हेड ४,२०० आणि मजुरी ५००, जीएसटी धरून ५,५४६ रुपये. भाग यायला आठ-दहा दिवस. एवढ्यात आणखी थोडे घातले तर नवा साधा प्रिंटर येतो, या विचाराने रात्रभर डोळा लागला नाही. कॅप पाहिली का, असं तेव्हा मी विचारलं नाही. कॅप नावाचा भाग असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

मी अंदाजपत्रक मंजूर केलं नाही. तसा तुम्हाला अधिकार असतो, फक्त तपासणी फी परत मिळत नाही. दुरुस्ती करून घेतली तर ती फी बिलातून वजा होणार का आणि काढलेलं जुनं हेड आपल्याला मिळणार का, हे दोन प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी विचारून शीटवर लिहून घ्या. २२ तारखेला प्रिंटर तसाच परत आणला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आप्पा राहतात. तरुणपणी छापखान्यात होते, नंतर वीसेक वर्षं प्रिंटर-झेरॉक्सची दुरुस्ती करत फिरले. आता फारसं बाहेर जात नाहीत. २३ तारखेला संध्याकाळी त्यांना बोलावलं. त्यांनी आधी मशीनला हात लावला नाही, माझी ती सहा पानं एकाखाली एक मांडली. मग टाकीकडे बोट दाखवून विचारलं, "सहा वेळा क्लीनिंग केलं ना ताई? मग शाई कुठे गेली?" जागची हलली नव्हती. त्यावर त्यांनी मान हलवली. "डोकं खराब नही शे," ते म्हणाले. "झाकण बसत नाही आहे."

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. काम नसताना हेड उजव्या टोकाला जाऊन एका रबरी चौकटीवर बसतं. तीच कॅप. तिच्यात स्पंज असतो आणि खालून एक नळी पंपाला जाते. क्लीनिंग म्हणजे छिद्रांतून शाई ढकलणं नव्हे. कॅप हेडला खालून चिकटते आणि पंप त्या चौकटीतून शाई ओढून घेतो. रबराची कड एका जागी जरी उचललेली राहिली तरी पंप तिथून हवा ओढतो, शाई येत नाही, आणि टाकीची पातळी हलत नाही. तीच फट पाच महिने उघडी राहिली की छिद्रं सुकतात. म्हणजे सुकण्याचं कारण आणि क्लीनिंग न लागण्याचं कारण एकच होतं.

बोर्डाचं बटण बंद करायची माझी सवयही इथेच नडली. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की तो आवरून हेड कॅपवर नीट बसवतो आणि मगच दिवा विझतो. भिंतीवरून वीज तोडली तर हे काम अर्ध्यात राहू शकतं, कधी कधी हेड उघडंच राहतं. वर पत्र्याची खोली. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, आमच्याकडेही फार वेगळं नसतं. पत्र्याखाली तर विचारायलाच नको. माझ्या प्रिंटरच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान १० ते ३५ अंश आणि ठेवायचं कमाल ४० अंश दिलं आहे, तेही ४० वर फार तर एक महिना. आणि सिलिका जेल! कॅमेऱ्याच्या पिशवीत ते बरोबर आहे, कारण तिथे ओल नको असते. इथे तर शाईतली ओल टिकवायची असते. मी स्वतःच्या हाताने हेडशेजारी पाणी शोषणारी वस्तू ठेवून गेले होते.

आता कॅपपर्यंत पोचायचं कसं? हेड बसलेलं असताना ते अडकवलेलं असतं, हाताने ओढलं तर मोडतं. आप्पांनी एक पान प्रिंटला द्यायला सांगितलं. हेड ज्यावर बसवलेलं असतं तो गाडा उजवीकडून सुटून मधे आला तसा मी प्लग काढला. मग तो बोटाने अलगद डावीकडे सरकला. (वीज तोडू नका म्हणायचं आणि इथे तोडायची, हे विचित्र वाटेल. पण कॅप उघडी करायला हाच एक मार्ग आहे, आणि काम झाल्यावर हेड लगेच झाकलं जातं.) आत तीन गोष्टींना हात लावायचा नाही. पांढरी चपटी केबल, गाड्यामागून आडवी जाणारी अर्धपारदर्शक पट्टी आणि शाईच्या नळ्या. पट्टीवर बोटाचा डाग पडला तरी गाड्याला आपली जागा कळत नाही.

मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं. पेटीतल्या साबणाच्या वडीपेक्षा लहान अशी रबरी चौकट. स्पंजावर डांबरासारखा काळा थर, वर चिरा पडलेल्या, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ सुकतो तशा. आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात, रबराच्या कडेवर, सुकलेल्या शाईचा एक मणी. मोहरीच्या दाण्याएवढा. त्यात एक सुताचा धागा अडकला होता, त्याचं टोक बाहेर लोंबत होतं. एवढ्याशा दाण्याने साडेपाच हजारांचं अंदाजपत्रक लिहवलं होतं. मी तो धागा चिमट्याने काढला आणि कागदात गुंडाळून ठेवला.

सामान साधं लागलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, एक लिटर २५ रुपये. मेडिकलमधून पाच मिलीची सुई नसलेली सिरींज, १० रुपये. चष्मा पुसायचं कापड घरातलं. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार छिद्रातच बसतील. कापूसही नको, त्याचे तंतू सुटतात आणि आपण पुन्हा नवा धागा आत सोडतो. सॅनिटायझर आणि स्पिरिटबद्दल मी विचारलं, आप्पांनी सरळ नाही म्हटलं. पिगमेंट शाई स्पिरिटने कधी कधी आणखी गोळा होते आणि रबरालाही ते चांगलं नाही.

डिस्टिल्ड पाण्याची बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट केली. सिरींजने कॅपमध्ये थोडं सोडलं, दहा मिनिटं थांबलो, टिशूच्या टोकाने टिपून घेतलं. पहिल्यांदा टिशू काळाकुट्ट. दुसऱ्यांदा तपकिरी. तिसऱ्यांदा जांभळट, म्हणजे डायचे रंगही सुटले. कड कापडाने चारही बाजूंनी पुसली, कोपऱ्यातला मणी दोनदा भिजवल्यावर आपोआप सुटला, नखाने खरवडावा लागला नाही. शेजारी हेड पुसणारी रबराची पट्टी असते, तीही ओल्या कापडाने पुसली. हेडच्या खालच्या पत्र्यावर मात्र काहीही घासायचं नाही. काही जण सिरींजने छिद्रांत पाणी दाबून भरतात, तेही नको. जोर जास्त झाला तर आतला नाजूक भाग फुटतो आणि मग हेड खरोखरच जातं.

शेवटी कॅप काठोकाठ भरली, ओसंडू दिली नाही, आणि गाडा हाताने हळूच उजवीकडे पूर्ण सरकवला. प्लग काढलेलाच. रात्रभर हेड पाण्यावर बसू द्यायचं. मला तर लगेच क्लीनिंग करून पाहायचं होतं. आप्पा म्हणाले, "घाई नका करू ताई. आधी ओलं होऊ द्या, मग ओढू."

२४ तारखेला सकाळी पहिली चाचणी पंपाची. गाडा बाजूला सरकवून कॅपमध्ये पुन्हा पाणी भरलं, गाडा जागेवर नेला, प्रिंटर चालू केला आणि एक क्लीनिंग दिलं. मग पुन्हा तीच प्लगची युक्ती करून पाहिलं. कॅपमधलं पाणी गेलं होतं, त्या जागी ताजी शाई होती. याचा अर्थ कड बसली आणि पंप ओढतो आहे. पाणी जसंच्या तसं राहिलं असतं तर पंपाची नळी तुंबलेली आहे असं समजायचं, आणि मग कितीही क्लीनिंग केलं तरी फायदा नसतो. ही एक चाचणी मी १८ तारखेला केली असती तर जळगावची फेरी वाचली असती.

नोझल चेक काढलं. पिवळा बहुतेक पूर्ण. काळा एक तृतीयांश. डाय पाण्यात विरघळतो म्हणून रंग आधी मोकळे होतात, पिगमेंटचे कण मात्र चिकटून बसतात. रात्री पुन्हा कॅप भरून ठेवली. २५ला काळ्यात सात रेघा कमी होत्या, त्याही कालच्याच जागी. आप्पांनी इथे एक फरक शिकवला. दर पानावर तुटलेल्या रेघा त्याच जागी असतील तर ते बूच आहे, भिजवत राहा. रेघा प्रत्येक पानावर जागा बदलत असतील, किंवा क्लीनिंगनंतर आणखी वाढत असतील, तर नळीत हवा आहे. अशा वेळी काहीही न करता बारा तास मशीन बंद ठेवायचं, बुडबुडे बसू द्यायचे. दोन्हीत एकच उपाय केला तर एक तरी बिघडतं.

माझ्या मशीनच्या पुस्तिकेतही तसंच आहे, ते मी तेव्हा कुठे नीट वाचलं. नोझल चेक आणि क्लीनिंगची जोडी तीनदा करूनही फरक पडला नाही तर किमान बारा तास थांबा. मग पुन्हा एकदा करून पाहा. तरीही नाही जमलं तरच संगणकावर प्रिंटरच्या `Maintenance` या पानावरचं `Power Cleaning` वापरा. त्यात नळ्यांतली शाई बदलेल एवढी शाई ओढली जाते. म्हणून चारही टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात, नाहीतर नळीत हवा जाऊन नवंच दुखणं सुरू होतं. आणि ते एकदा केलं की पुन्हा करायला बारा तास थांबावं लागतं.

मी काळ्या शाईची बाटली मागवली, ७५० रुपये. २६ तारखेला सायंकाळी पॉवर क्लीनिंग केलं. काही मिनिटं मशीन घुरघुरत होतं. टाक्यांवर मी आधी पेन्सिलने खूण केली होती, चारही रंग तिच्याखाली उतरले. प्रिंटर बटणाने बंद केला आणि हात लावला नाही. २७ला सकाळी नोझल चेक. काळ्यात फक्त एक रेघ नव्हती. क्लीनिंग केलं नाही, कारण ओढलेली सगळी शाई मशीनच्या तळाशी असलेल्या पॅडमध्ये जाते, त्याचा हिशेब प्रिंटर ठेवतो आणि पॅड भरलं की छपाईच बंद करतो. माझ्या मॉडेलचं पॅड सेवा केंद्रातच बदलतात. त्याऐवजी रोज पाच-सात गच्च मजकुराची पानं काढली. पोळ्याच्या आदल्या दिवशी, १ सप्टेंबरला, ती रेघही आली.

खर्च असा झाला. तपासणी ४१३, जळगावच्या दोन फेऱ्या १८०, पाणी आणि सिरींज ३५, शाई ७५०. आप्पांनी पैसे नको म्हटलं, मी बळेबळे २०० दिले. एकूण १,५७८. त्यातली शाई तशीही वापरात आली.

एक मर्यादा सांगून ठेवते. कॅप ओढते आहे, दोन रात्री भिजवून झालं, बारा तासांच्या अंतराने दोन पॉवर क्लीनिंग झाली आणि तरी एखादा रंग टिपकासुद्धा देत नाही, तर हेडचा विजेचा भाग गेलेला असू शकतो. तिथे पाणी काही करणार नाही. तेव्हा हेड बदलणं किंवा नवं मशीन, हाच हिशेब. आणि हे सगळं हेड मशीनमध्ये कायम असलेल्या प्रिंटरचं आहे. ज्यांत हेड कार्ट्रिजवरच असतं, तिथे कार्ट्रिज बदललं की हेडही नवं मिळतं, एवढी खटपट करावी लागत नाही.

पुढच्या वर्षी मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली आणि नातवासाठी मला परत पुण्याला जायचं ठरलं. २० मार्च २०२५. या वेळी तयारी चार दिवस आधी सुरू केली.

१६ तारखेला नोझल चेक काढलं, एकही रेघ तुटलेली नाही हे पाहिलं. तुटलेल्या रेघेसकट मशीन ठेवलं तर परत आल्यावर तिच्या शेजारच्याही गेलेल्या असतात. १७ला कॅपची कड आणि पुसायची पट्टी डिस्टिल्ड पाण्याने पुसली, टॉर्चने चारही कोपरे पाहिले. टाक्या वरच्या खुणेच्या जरा खाली येईपर्यंत भरल्या, कारण आल्यावर मोठं क्लीनिंग करावं लागलं तर शाई हवी. झाकणं दाबून बसवली. नोझल चेकच्या त्या पानावर तारीख टाकून ते प्रिंटरच्या खाली ठेवलं आणि टाक्यांच्या पातळीचे फोटो काढले.

१९ला रात्री शेवटचं काम संपल्यावर एक क्लीनिंग दिलं. ते हेडसाठी नव्हतं, कॅपमधला स्पंज ताज्या शाईने ओला राहावा म्हणून. मग प्रिंटरचं बटण दाबलं. दिवा लुकलुकला, आतला आवाज थांबला, दिवा विझला. मी आणखी एक मिनिट थांबले आणि मगच प्लग काढला.

ट्रेमधला कागद काढून घेतला. सिलिका जेल अर्थातच नाही. आमच्या मागच्या बाजूला सासऱ्यांच्या वेळची धाब्याची खोली आहे, जाड मातीच्या भिंतींची. आखाजीच्या उन्हातही तिथे दुपारी झोप लागते. दोघांनी मिळून प्रिंटर सपाट धरून तिथे नेला, जमिनीला टेकलेल्या फळीवर ठेवला. वर स्वच्छ सुती चादर आणि त्यावर मोठी प्लॅस्टिकची पिशवी, तोंड सैल बांधलेलं. गच्च बांधलं असतं तर पावसाळ्यात आत बुरशी आली असती.

शेजारचा मुलगा तुळशीला पाणी घालायला रोज येणार होता. त्याला किल्ली दिली आणि प्रिंटरवर चिठ्ठी चिकटवली. महिन्यातून एकदा, प्लग लाव, बटण दाब, नोझल चेकचं पान काढ, पानाचा फोटो मला पाठव, बटणाने बंद कर, दिवा विझल्यावर प्लग काढ. कागदाची दहा पानं एका पिशवीत तिथेच ठेवली. त्याने २६ एप्रिलला केलं, ३१ मेला केलं. दोन्ही फोटोंत सगळ्या रेघा होत्या. जूनमध्ये तो प्रवेशाच्या धावपळीत धुळ्याला होता, जुलैही तसाच गेला. मीही फोनवर तगादा लावला नाही, पण काळजी वाटत राहिली.

११ ऑगस्टला परत आले. प्रिंटर पुढच्या खोलीत आणला आणि त्या दिवशी चालू केला नाही. नेताना शाई थोडी तरी हिंदकळते, ती रात्रभर स्थिर होऊ दिली. १२ला सकाळी आधी नुसतं पाहिलं. टाक्यांची पातळी जवळजवळ मार्चच्या फोटोएवढीच. नळ्या उजेडात धरल्यासारख्या दिसतात त्या बाजूने पाहिल्या, मधे रिकामी जागा नाही. मग बटण दाबलं आणि त्याचं आवरून होईपर्यंत थांबले.

पहिलं पान नोझल चेकचंच काढलं, फोटो किंवा पूर्ण मजकुराचं नाही. काळ्यात दोन रेघा कमी, रंग पूर्ण. मार्चचं पान शेजारी ठेवलं. एक क्लीनिंग दिलं, दहा मिनिटं थांबले, दुसरं पान काढलं. सगळ्या रेघा होत्या. मी त्या बोटाने मोजल्या, मग आप्पांकडे पान घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "अन् कॅप पाहिली का?" पाहिली नव्हती. घरी येऊन पाहिली. कड स्वच्छ होती, स्पंज ओला.

काळ्याची पाच आणि रंगीत दोन पानं आणखी काढली, जुनी शाई नळ्यांतून पुढे जावी म्हणून. त्या दुपारी नातवाचा बारशाचा फोटो छापून फ्रेममध्ये लावला. त्याच्या झबल्याचा पिवळा रंग जसाच्या तसा आला.

शेजारच्या मुलाची ती चिठ्ठी मी काढलेली नाही. तिच्या खाली पेनने एक ओळ वाढवली आहे: फोटो नाही आला तर काकू स्वतः फोन करतील.